ट्रॅकरशेजारची जोखीम-नोंदवही: नोंद, नाव आणि दर आठवड्याची विचारणा

ट्रॅकरमध्ये जे तिकीट असते ते करायचे ठरलेले काम असते. कोणीतरी ते हाती घेतो, पूर्ण करतो आणि बंद करतो. जोखीम मात्र अजून घडलेली नसते आणि कदाचित कधी घडणारही नाही, त्यामुळे तिला ‘पूर्ण झाले’ अशी अवस्थाच नसते. नवख्या टीमा जोखमीसुद्धा तिकिटे म्हणूनच टाकतात, आणि मग दर नियोजनात ती तिकिटे ‘सध्या यावर करण्यासारखे काही नाही’ म्हणून खाली ढकलली जातात. दोन महिन्यांनी ती शंभराव्या क्रमांकावर असतात आणि जोखीम घडून गेलेली असते. म्हणून ट्रॅकरच्या शेजारी एक वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती दर आठवड्याला, नाव घेऊन, वाचायची. ती कशी सुरू करावी आणि चालती कशी ठेवावी, हे येथे एकाच जोखमीचा आठ आठवड्यांचा प्रवास धरून सांगितले आहे. उदाहरणातील प्रकल्प, माणसे आणि आकडे समजावण्यासाठी योजलेले आहेत.

प्रकल्प असा समजू या. जुन्या बिलिंग प्रणालीतील सगळी बिले नव्या प्रणालीत न्यायची आहेत. एकूण ३६ लाख ओळी आहेत. बदलाची रात्र आठ आठवड्यांनी आहे आणि त्या रात्री शनिवारी ९ ते रविवारी सकाळी ९ असे बारा तास प्रणाली बंद ठेवण्याची परवानगी मिळाली आहे. शेवटचे दोन तास काही बिघडल्यास जुन्या प्रणालीवर परतण्यासाठी आणि त्याआधीचे दोन तास पडताळणीसाठी राखले, तर प्रत्यक्ष नक्कल करायला आठ तास उरतात.

पहिली पायरी: नोंदवही कुठे आणि किती रकान्यांची

सामायिक स्प्रेडशीट पुरेशी आहे. तुमच्या ट्रॅकरमध्ये वेगळा प्रकार बनवून जोखमी ठेवता येत असतील आणि त्यांची यादी कामांच्या यादीत न मिसळता स्वतंत्र दिसत असेल, तर तिथे ठेवल्यासही हरकत नाही. महत्त्वाचे इतकेच की टीम ज्या पानावर रोज कामे पाहते, त्या पानावरून नोंदवही एका क्लिकवर उघडली पाहिजे. वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या परवानगीमागे ठेवलेली नोंदवही फक्त अहवालाच्या दिवशी उघडली जाते.

रकाने कमी ठेवावेत. क्रमांक, जोखमीचे वाक्य, जबाबदार व्यक्ती, शक्यता, परिणाम, ती कधी अंगावर येऊ शकते ती तारीख, धोक्याची खूण, जोडलेली तिकिटे, स्थिती, शेवटचा आढावा आणि इतिहास, एवढ्यात काम भागते. तयार नमुन्यांत वीस-पंचवीस रकाने असतात. ते पहिल्या आठवड्यात हौसेने भरले जातात आणि तिसऱ्या आठवड्यापासून कोरे राहतात. कोऱ्या रकान्यांची सवय लागली की जो रकाना कोरा राहता कामा नये तोही कोरा दिसला तरी कोणाला खटकत नाही.

ट्रॅकर आणि नोंदवही यांना जोडणारा धागा म्हणजे क्रमांक. जोखीम कमी करण्यासाठी जे काम ठरते ते नोंदवहीत लिहून ठेवायचे नाही. त्याचे ट्रॅकरमध्ये नेहमीसारखे तिकीट काढायचे, तिकिटाच्या मथळ्यात `R-07` असा जोखमीचा क्रमांक लिहायचा आणि नोंदवहीत तिकिटाचा दुवा ठेवायचा. असे केले म्हणजे काम कामांच्या रांगेत उभे राहते, त्याला वेळ मिळतो, आणि एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिली जात नाही.

दुसरी पायरी: जोखीम पूर्ण वाक्यात लिहिणे

आपल्या उदाहरणातील टीमने पहिल्या दिवशी लिहिलेली नोंद होती: ‘डेटा मायग्रेशन’. हा विषय झाला, जोखीम नव्हे. यावर कोणी काय करायचे, हे कळत नाही आणि ती टळली की नाही हेही कधी ठरवता येणार नाही. जोखमीच्या वाक्यात तीन गोष्टी लागतात. आज ठाऊक असलेले कारण, त्यामुळे घडू शकणारी अनिश्चित घटना, आणि ती घडल्यास उद्दिष्टाला बसणारा फटका. आयएसओ ३१००० या मानकात जोखमीची व्याख्याच ‘उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम’ अशा अर्थाची आहे. त्यामुळे वाक्यात उद्दिष्ट दिसत नसेल तर वाक्य अपुरे आहे, असे समजावे.

टीमने आधी एक छोटी चाचणी केली होती. तीन लाख ओळींची नक्कल व्हायला ३५ मिनिटे लागली होती. त्या हिशेबाने ३६ लाख ओळींना बारा पट, म्हणजे सात तास लागावेत आणि ते आठ तासांत बसतात. पण ज्या टेबलात ओळी भरायच्या त्याला इंडेक्स आहेत आणि टेबल मोठे होत जाते तसा प्रत्येक नवी ओळ इंडेक्समध्ये बसवण्याचा खर्च वाढू शकतो. वेग शेवटपर्यंत तोच राहील याची खात्री नाही. ही अनिश्चितता पकडून नोंद अशी सुधारली:

```text
R-07
कारण: वेगाचा अंदाज फक्त ३ लाख ओळींच्या चाचणीवर आहे.
घटना: टेबल मोठे होईल तसा वेग उतरून ३६ लाख ओळींची
      नक्कल ८ तासांत न संपण्याची शक्यता आहे.
फटका: बदल मागे घ्यावा लागेल; पुढील संधी एक महिन्याने.
जबाबदार: मीनल
शक्यता ३, परिणाम ५
खूण: १२ लाख ओळींची चाचणी १६० मिनिटांपेक्षा जास्त चालली
```

खुणेचा आकडा कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. बारा लाख म्हणजे एकूण ओळींचा तिसरा हिस्सा आणि आठ तासांचा तिसरा हिस्सा १६० मिनिटे. त्याहून जास्त वेळ लागला तर पूर्ण काम आठ तासांत बसणार नाही, हे उघड आहे. खूण अशी मोजता येणारी आणि घटनेच्या बरीच आधी दिसणारी असावी. ‘वेग कमी वाटल्यास’ ही खूण नव्हे, आणि ‘रात्री वेळ अपुरा पडल्यास’ ही तर स्वतः घटनाच आहे.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. पहिल्याच चाचणीतून सोळा तास लागतील असे दिसले असते, तर ती जोखीम नव्हती, ती अडचण होती आणि तिची जागा सरळ ट्रॅकरमध्ये होती. खात्रीने घडणारी गोष्ट नोंदवहीत टाकणे हा तिचे उत्तर पुढे ढकलण्याचा सभ्य मार्ग होऊन बसतो.

तिसरी पायरी: आकडे देणे, पण त्यांच्यावर विसंबू नये

शक्यता आणि परिणाम यांना १ ते ५ असे आकडे देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि सुरुवातीला ती पुरते. प्रत्येक आकड्याचा अर्थ मात्र आपल्या प्रकल्पाच्या भाषेत एकदा लिहून ठेवावा. या प्रकल्पात परिणाम ५ म्हणजे बदलाची रात्र वाया जाणे, ३ म्हणजे सोमवारी काही ग्राहकांची बिले अर्धा दिवस उशिरा निघणे, आणि १ म्हणजे टीमलाच जाणवेल अशी किरकोळ गैरसोय. असे लिहिलेले नसेल तर एकाचा ४ आणि दुसऱ्याचा २ यांत किती अंतर आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

दोन आकड्यांचा गुणाकार करून यादी त्या क्रमाने लावण्याचा मोह होतो. हे आकडे क्रम दाखवतात, माप दाखवत नाहीत. शक्यता ५ आणि परिणाम १ असलेली किरकोळ कटकट आणि शक्यता १ पण परिणाम ५ असलेले संकट या दोन्हींचा गुणाकार ५ येतो, आणि त्यांना एकसारखे वागवणे कोणालाही पटणार नाही. माझा शिरस्ता असा की परिणाम ५ असलेली प्रत्येक जोखीम आढाव्यात वाचली जातेच, मग तिची शक्यता कितीही कमी असो, आणि उरलेल्यांचा क्रम गुणाकारावर न लावता कोणती आधी अंगावर येईल त्या तारखेवर लावायचा.

चौथी पायरी: एका माणसाचे नाव

जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात एकाच माणसाचे नाव असावे. ‘टीम’, ‘बॅकएंड’, ‘व्यवस्थापन’ किंवा दोन नावे मध्ये तिरपी रेघ देऊन, यांपैकी काहीही चालणार नाही. मी स्वतः ज्या एका प्रकल्पात होतो तिथे बाहेरच्या एका सेवेची परवानगी उशिरा मिळण्याची जोखीम सात आठवडे नोंदवहीत होती, तिला ठळक लाल रंग होता आणि जबाबदार म्हणून ‘टीम’ असे लिहिलेले होते. दर बैठकीत आम्ही ‘अजून उत्तर नाही’ असे म्हणत पुढे जात होतो. आठव्या आठवड्यात कोणीतरी फोन केला तेव्हा कळले की त्यांच्याकडे आमचा अर्जच पोहोचला नव्हता, कारण तो आमच्यापैकी कोणी पाठवलाच नव्हता. प्रत्येकाला वाटत होते की दुसऱ्याने पाठवला असेल.

जबाबदार असणे म्हणजे सगळे काम स्वतः करणे नव्हे. प्रिन्स टू या प्रकल्प-पद्धतीत जोखमीवर लक्ष ठेवणारा आणि त्या जोखमीवरचे ठरलेले काम करणारा यांना दोन वेगळी नावे दिलेली आहेत. या दोन भूमिका एका माणसाकडे असू शकतात, पण असल्याच पाहिजेत असे नाही. काम करणाऱ्याचे नाव ट्रॅकरमधील तिकिटावर असते. नोंदवहीतील नाव अशा माणसाचे असावे जो ती जोखीम बदलताना सर्वांत आधी पाहू शकतो आणि तिच्याबाबत निर्णय घेऊ शकतो किंवा निर्णय घेणाऱ्याकडे त्याच दिवशी जाऊ शकतो. `R-07` साठी मीनलचे नाव आले, कारण चाचण्या तिच्या हाताखाली होणार होत्या आणि नक्कल करण्याची पद्धत बदलायचा अधिकार तिला होता. नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारावे आणि त्याचा होकार मिळाल्यावरच लिहावे. बैठकीला नसलेल्या माणसाच्या नावावर जोखीम टाकणे सोपे असते, आणि पुढच्या आठवड्यात त्याला ती ठाऊकच नसते.

पाचवी पायरी: आठवड्याचा आढावा

वार आणि वेळ ठरलेली असावी आणि ती आठवड्याच्या नियोजनाच्या आधीची असावी, म्हणजे आढाव्यात निघालेले काम त्याच दिवशी रांगेत लागते. नियोजनानंतर आढावा घेतला तर प्रत्येक उपाय आपोआप एक आठवडा उशिरा सुरू होतो. अर्धा तास पुरे. दर जोखमीला दोन मिनिटे धरली तर अर्ध्या तासात पंधरा बसतात, आणि उघड्या जोखमी त्याहून जास्त झाल्या तर काही एकत्र करता येतात का, काही सोडून देण्याजोग्या आहेत का, हे पाहावे.

बैठक चालवणारा जोखमीचे वाक्य मोठ्याने वाचतो आणि जबाबदार व्यक्ती तीन गोष्टी सांगते: गेल्या आढाव्यानंतर प्रत्यक्ष काय पाहिले, त्यामुळे आकडे किंवा तारीख बदलते का, आणि पुढचे पाऊल कोणत्या दिवसापर्यंत. उपाय कसा करायचा, याची चर्चा इथे सुरू होऊ द्यायची नाही. ती सुरू झाली की पहिल्या दोन जोखमींत अर्धा तास संपतो आणि शेवटच्या दहा कधीच वाचल्या जात नाहीत. चर्चा हवी असेल तर कोणी, कधी, कोणाबरोबर एवढे ठरवून पुढे जावे.

दुसऱ्या आठवड्यात `R-07` वर झालेले बोलणे असे होते.

‘मीनल, सात नंबर. काय दिसलं?’

‘काही बदल नाही.’

‘काय पाहून म्हणतेस?’

‘खरं म्हणजे काही पाहताच आलं नाही. बारा लाखांची चाचणी करायला मोठं मशीन लागतं, ते अजून मिळालेलं नाही. तिकीट मंगळवारपासून अडकलंय.’

‘म्हणजे बदल नाही असं नाही, माहिती नाही. मशीन कोणाकडे अडकलंय?’

‘काय पाहून म्हणतेस?’ हा प्रश्न आढाव्यातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. ‘बदल नाही’ हे उत्तर दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत दिले जाते. एकीत माणसाने पाहिलेले असते आणि खरोखरच काही हललेले नसते. दुसरीत त्याने पाहिलेलेच नसते. नोंदवहीत दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून इतिहासाच्या रकान्यात ‘बदल नाही’ असे एकटे कधी लिहू नये, त्यासोबत काय पाहिले ते लिहावे. त्या दिवशी `R-07` च्या इतिहासात गेलेली ओळ होती: ‘आठवडा २: मोजणी झाली नाही, मोठे मशीन मिळालेले नाही, शक्यता ३ तशीच, पण आधाराविना. मशीन गुरुवारपर्यंत.’

इतिहासात नवी ओळ वर जोडायची, जुनी पुसायची नाही. आकडे बदलले तर जुना आकडा आणि बदलाचे कारण त्या ओळीत राहू द्यावे. लेखन बैठकीतच, सर्वांना पडद्यावर दिसेल असे करावे. नंतर सवडीने लिहितो म्हटले की लिहिणाऱ्याला जेवढे आठवते तेवढेच उरते, आणि जबाबदार व्यक्तीने आपल्या नावापुढे काय लिहिले गेले ते पाहिलेले नसते.

जबाबदार व्यक्ती रजेवर असेल तर तिने आधीच दुसऱ्या कोणाला सांगून ठेवलेले असावे. कोणीच बोलायला नसेल तर ती जोखीम वगळून पुढे जाऊ नये, शेवटच्या आढाव्याची तारीख जुनीच ठेवावी. ती जुनी तारीख लपू नये म्हणून एक साधे सूत्र लावता येते. स्थिती `I` रकान्यात आणि शेवटचा आढावा `J` मध्ये असेल, तर:

```text
=IF(AND(I2="उघडी",TODAY()-J2>7),"शिळी","")
```

एखादी जोखीम सलग दोन आठवडे ‘शिळी’ दिसली तर तिच्या जबाबदार व्यक्तीकडे फार कामे आहेत, किंवा तिला ती आपली वाटत नाही, किंवा ती जोखीमच उरलेली नाही. तिन्ही शक्यता त्या माणसाला एकट्याने विचाराव्यात, बैठकीत चारचौघांसमोर नव्हे.

तिसरा आठवडा: खूण दिसली

मोठे मशीन मिळाले आणि बारा लाख ओळींची चाचणी झाली. तिला १९० मिनिटे लागली. पहिल्या चाचणीच्या वेगाने १४० लागायला हवी होती. खुणेची मर्यादा १६० होती, म्हणजे खूण स्पष्ट दिसली. या वेगानेच पुढे गेले तरी ३६ लाखांना साडेनऊ तास लागणार होते आणि वेग आणखी उतरण्याची चिन्हे होती. मीनलने शक्यता ३ वरून ५ केली. येथे नोंदवहीचा खरा उपयोग झाला. खूण आधीच लिहिलेली असल्यामुळे ‘मशीनवर दुसरे काही चालू असेल’, ‘पुढच्या वेळी बरे होईल’ अशा वाटाघाटींना जागा उरली नाही, आणि पाच आठवडे हातात असताना योजना बदलता आली.

जोखमीला उत्तर देण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत: ती टाळणे, कमी करणे, दुसऱ्याकडे सोपवणे, किंवा जाणून-बुजून स्वीकारणे. टाळण्यासाठी बदलाची रात्र मोठी करून मागता आली असती, पण ती परवानगी मिळण्यासारखी नव्हती. म्हणून जोखीम कमी करण्याची दोन कामे ठरली आणि दोन्हींची तिकिटे त्याच दिवशी निघाली. एक, मागील वर्षांची २४ लाख बिले, जी सहसा कोणी बदलत नाही, ती बदलाच्या रात्रीच्या एक आठवडा आधीच हलवायची, म्हणजे त्या रात्री फक्त १२ लाख उरतील. दोन, ओळी भरताना त्या टेबलाचे इंडेक्स काढून ठेवायचे आणि भरून झाल्यावर एकदाच बांधायचे.

पाचव्या आठवड्यात या पद्धतीने पुन्हा चाचणी झाली. २४ लाख ओळी आधीच असलेल्या टेबलात १२ लाख ओळी भरायला ९० मिनिटे आणि सगळे इंडेक्स पुन्हा बांधायला २५ मिनिटे, असे ११५ मिनिटांत काम संपले. शक्यता १ वर आली. परिणाम ५ तसाच राहिला, कारण रात्र वाया गेली तर फटका पूर्वीएवढाच होता. नवखे लोक उपाय झाल्यावर दोन्ही आकडे उतरवतात. आपल्या उपायाने नेमके काय बदलले, ते पाहूनच तो आकडा बदलावा.

तरीही त्या रात्रीसाठी मागे फिरण्याचा क्षण लिहून ठेवला: रात्री १ पर्यंत, म्हणजे मोजलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ गेल्यावरही, इंडेक्स बांधून झाले नसतील तर बदल मागे घ्यायचा. मूळ योजनेत टीमने ‘रात्री १ वाजता निम्म्या ओळी झालेल्या नसतील तर’ असे लिहिले होते आणि ते चूक होते. वेग उतरत जाणार असेल तर निम्म्या वेळेत निम्मे काम झालेले असणे पुरेसे नसते, कारण उरलेल्या निम्म्याला जास्त वेळ लागतो.

उपायातून निघालेली नवी जोखीम

प्रत्येक उपायानंतर ‘यामुळे नवे काय बिघडू शकते?’ असे विचारावे. जुनी बिले आठवडाभर आधी हलवली तर त्या आठवड्यात एखादे जुने बिल जुन्या प्रणालीत बदलले जाऊ शकते आणि नव्या प्रणालीत त्याची आधीची नक्कल राहू शकते. ही `R-12` झाली. तिची जबाबदार व्यक्ती तांत्रिक टीममधील असून चालणार नव्हते, कारण जुनी बिले दुरुस्त करणे थांबवण्याचा अधिकार हिशेब विभागाकडे होता. त्या विभागातील सुलभाताईंनी ती स्वीकारली आणि पुढचे आढावे त्या पहिली दहा मिनिटे येऊन करू लागल्या. बाहेरच्या विभागातील माणसाची जोखीम यादीत आधी घ्यावी. त्याला अर्धा तास थांबवले तर तो तिसऱ्यांदा येत नाही.

खूण पाहण्यासाठी मीनलने हलवलेल्या ओळींवर जुन्या प्रणालीत `copied` अशी खूण केली होती आणि रोज सकाळी ही क्वेरी चालवली जात होती:

```sql
SELECT COUNT(*) FROM invoices
WHERE copied = 1 AND updated_at > copied_at;
```

या क्वेरीलाही मर्यादा आहे. बदललेले बिल ती दाखवते, पण पूर्ण खोडून टाकलेले बिल दाखवत नाही, कारण ती ओळच उरत नाही. म्हणून दोन्हीकडच्या ओळींची एकूण संख्याही रोज ताडून पाहायचे ठरले आणि त्या वेगळ्या कामाचे वेगळे तिकीट निघाले.

आठव्या आठवड्याच्या आढाव्याच्या दिवशी सकाळी क्वेरीने शून्याऐवजी ११ दाखवले.

‘सुलभाताई, अकरा बिलं बदललेली दिसताहेत.’

‘हो, ती आमच्याकडूनच झाली. एका ग्राहकाचा पत्ता सगळीकडे चुकीचा होता, तो बदलला. बिलाला हात लावायचा नाही हे सांगितलं होतं, पण पत्ता बदलला की बिलाची ओळ बदलते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.’

जोखीम घडली की ती नोंदवहीत ताणत ठेवायची नसते. तिची स्थिती ‘घडली’ करायची, त्या दिवसाची तारीख लिहायची आणि पुढचे सगळे ट्रॅकरमध्ये अडचण म्हणून हाताळायचे. `R-12` च्या बाबतीत तिकीट असे निघाले की बदलाच्या रात्री पहिली दहा मिनिटे, ज्यांची `updated_at` वेळ नकलेच्या नंतरची आहे त्या सर्व ओळी पुन्हा घ्याव्यात. मग त्या अकरा असोत की शनिवारपर्यंत पन्नास होवोत. त्या दहा मिनिटांमुळे `R-07` च्या हिशेबावर परिणाम होतो का, हेही त्याच बैठकीत विचारले गेले. मागे फिरण्याच्या वेळेत तेवढी सवड होती, त्यामुळे तिचे आकडे बदलले नाहीत आणि इतिहासात तशी ओळ गेली.

शेवटची पायरी: बंद करणे

जोखीम तीन कारणांनी बंद होते. ती घडून गेली, ती घडू शकेल अशी वेळ निघून गेली, किंवा उरलेला धोका स्वीकारायचा असे ठरले. तिसऱ्या कारणाने बंद करताना कोणी स्वीकारला त्याचे नाव लिहावे आणि ते नाव त्या धोक्याची किंमत मोजणाऱ्याचे असावे. ‘बरेच दिवस काही झाले नाही’ हे बंद करण्याचे कारण नव्हे. बंद झालेल्या ओळी खोडू नयेत. त्या त्याच पानावर गाळणी लावून लपवाव्यात, म्हणजे कोणी नवी जोखीम घेऊन आला की ती आधी कधी येऊन गेली का, हे शोधता येते.

`R-07` रविवारी सकाळी बंद झाली. तिच्या इतिहासातील सर्वांत वरची ओळ मीनलने स्वतः लिहिली: ‘बदललेल्या ओळींची पुन्हा नक्कल ९.०९ ला संपली, १२ लाख ओळी आणि इंडेक्स रात्री ११.१९ ला संपले. चाचणीपेक्षा १५ मिनिटे जास्त. कारण पाहायचे आहे, तिकीट काढले आहे.’